चोवीस खणांत एक ओहमचा नियम

सहामाहीचा पेपर काढायला बसलेल्या प्रत्येक मास्तरांच्या मनात एकदा तरी हा विचार येतोच: शेजारच्या शाळेतल्या सरांकडे चांगले प्रश्न असतील, तेच मिळाले तर बरं. शिक्षणशास्त्रातली सगळ्यांत गाजलेली वर्गवारी याच साध्या गरजेतून जन्माला आली. 1948 साली बोस्टनमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं. तिथे वेगवेगळ्या विद्यापीठांचे परीक्षक गप्पा मारत बसले होते. आपापल्या प्रश्नपेढ्यांतले प्रश्न एकमेकांना द्यावेत, असं त्यांचं ठरत होतं. पण अडचण अशी की एकाला जो प्रश्न ‘विचार करायला लावणारा’ वाटे, तो दुसऱ्याला निव्वळ पाठांतराचा वाटे. मग आधी प्रश्नांना लावायच्या चिठ्ठ्या तरी सारख्या असाव्यात, असं ठरलं.

शिकागो विद्यापीठाच्या परीक्षांचं काम पाहणारे बेंजामिन ब्लूम या मंडळींचे म्होरके झाले. 1956 साली पुस्तक आलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. खरं तर मुखपृष्ठावर ब्लूमसह पाच नावं आहेत. पुस्तक अर्पण केलंय राल्फ टायलर यांना. ‘शिकवण्याआधी उद्दिष्ट ठरवा, मग ते साधलं का ते तपासा’ हा टायलर यांचा आग्रह सगळ्यांच्या डोक्यात भिनलेला होता.

तो पिरॅमिड कुठून आला?

डी.एड.-बी.एड.च्या वर्गात, प्रशिक्षणाच्या स्लाइडवर, शाळेच्या भिंतीवर सगळीकडे तो रंगीत त्रिकोण असतो. तळाला स्मरण, टोकाला निर्मिती. गंमत अशी की 1956 च्या पुस्तकात हा पिरॅमिड नाहीच. तो नंतर कुणीतरी काढला आणि पुस्तकापेक्षा जास्त पसरला. त्याने एक गैरसमजही पेरला: खालच्या पायऱ्या रुंद, म्हणजे तिथे बराच वेळ घालवायचा आणि टोकावर जमलं तर जायचं. तसं मूळ लेखकांनी कुठे म्हटलेलं नाही.

ब्लूमसाहेब भारतात

1957 साली ब्लूम भारतात आले होते. मूल्यमापनावर त्यांनी कार्यशाळा घेतल्या आणि आपल्याकडच्या परीक्षा सुधारण्याच्या प्रयत्नांना त्यातून चालना मिळाली. महाराष्ट्रात शिक्षक झालेल्या कुणालाही ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य हा चौकडा झोपेतून उठवला तरी म्हणता येतो. पाठ टाचणातल्या ‘उद्दिष्टे’ आणि ‘स्पष्टीकरणे’ या दोन रकान्यांत, तसंच प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात तोच चौकडा बसलेला असतो. म्हणजे ब्लूमचं नाव न घेताही आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच भाषा बोलतोय. फक्त ती जुन्या आवृत्तीची भाषा आहे.

नवी आवृत्ती आणि एक जुना गडी

1995 च्या अखेरीस आठ जणांचा एक गट वर्गवारीची डागडुजी करायला बसला. ब्लूम यांचे विद्यार्थी लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल हे त्याचे पुढारी. यातले क्रॅथवोल 1956 च्या पुस्तकावरही होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच कामाला पुन्हा हात घालणारा माणूस विरळाच. गटात मानसशास्त्रज्ञ होते, अभ्यासक्रमाचे जाणकार होते, परीक्षांचे तज्ज्ञही होते. पुस्तक 2001 मध्ये आलं. ते पाहायला ब्लूम नव्हते; 1999 मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

बदल बरेच झाले. त्यातला बहुतेकांना ठाऊक असलेला बदल म्हणजे वरच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल. पूर्वी मूल्यमापन टोकाला आणि संश्लेषण त्याखाली होतं. आता टोकाला निर्मिती आणि त्याखाली मूल्यमापन. हा बदल सगळे सांगतात, पण तो किरकोळ आहे. मोठा बदल वेगळाच होता: एका शिडीचा तक्ता झाला.

जुन्या यादीत ‘ज्ञान’ ही पहिली पायरी होती. त्यात गोची होती, कारण ज्ञान म्हणजे काय माहीत आहे, आणि बाकीच्या पाच पायऱ्या म्हणजे त्याचं काय करता येतं. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शिडीवर चढवलेल्या. नव्या मंडळींनी त्या वेगळ्या केल्या. तक्त्यात आडवे सहा रकाने आले: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. उभ्या बाजूला ज्ञानाचे चार प्रकार: तथ्यं, संकल्पना, कार्यपद्धती, आणि स्वतःच्या विचाराची जाण. चार गुणिले सहा, एकूण चोवीस खण. प्रत्येक उद्दिष्टाला यांतला एक खण सापडायला हवा. क्रियापदावरून रकाना ठरतो आणि नामावरून ओळ.

आकलनाच्या पोटात सात

सहा रकान्यांच्या आत एकूण 19 बारीक क्रिया आहेत, पण वाटणी अजिबात समान नाही. स्मरणात दोनच: पाहिल्यावर ओळखणं आणि न पाहता आठवून सांगणं. उपयोजनात दोन, मूल्यमापनात दोन, विश्लेषणात तीन, निर्मितीत तीन. आणि आकलनात तब्बल सात! स्वतःच्या शब्दांत किंवा आकृतीत मांडणं, उदाहरण देणं, गटात घालणं, सारांश काढणं, निष्कर्ष काढणं, तुलना करणं, कार्यकारणभाव स्पष्ट करणं.

इथे एक मजेदार विरोधाभास आहे. प्रत्येक प्रशिक्षणात दटावून सांगतात की उद्दिष्टात ‘समजून घेतो’ असं लिहू नका, ते मोजता येत नाही. आणि तक्त्यातला दुसरा रकाना नेमका तोच! भांडण मिटवायला हे सातजण पुढे येतात. ‘विद्यार्थ्याला रोध समजतो’ हे मोजता येत नाही. पण ‘दोन तारांचे आलेख पाहून कोणत्या तारेचा रोध जास्त ते कारणासह सांगतो’ हे मोजता येतं, आणि ते आकलनच आहे. समजणं आत घडतं, बाहेर दिसते ती या सातांपैकी एखादी क्रिया.

आता नववीचा घटक घेऊ

कोरडी वर्गवारी पुरे. धाराविद्युत या घटकातला ओहमचा नियम घेऊ. तापमानासारखी भौतिक अवस्था कायम असेल तर वाहकातून जाणारी विद्युतधारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समानुपाती असते; सूत्रात V = IR. शाळेच्या प्रयोगशाळेत यासाठी सगळं असतं: तीन कोरडे विद्युतघट, नायक्रोम तारेचं वेटोळं, कळ, 0 ते 5 व्होल्टचा व्होल्टमीटर, 0 ते 500 मिलिअँपिअरचा मिलिअॅमीटर.

टाचणांच्या वहीत या घटकाची उद्दिष्टं साधारण अशी सापडतात:

विद्यार्थ्यांना ओहमच्या नियमाची माहिती होते.
विद्यार्थी प्रयोगातून नियम पडताळून पाहतात.
विद्यार्थ्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण होतो.

पहिल्यात ‘माहिती होते’ याचा अर्थ दोन परीक्षक दोन तऱ्हांनी लावतील. तिसरं सदिच्छा म्हणून सुंदर आहे, पण या घटकाच्या आठ तासिकांत ते झालं की नाही हे कळणार कसं? दुसरं मात्र फसवं आहे. ते उद्दिष्टासारखं दिसतं, पण ती कृती आहे. मुलं सोमवारी दुसऱ्या तासिकेला काय करणार ते त्यात लिहिलंय. तासिका संपल्यावर त्यांना काय करता येईल ते लिहिलेलं नाही. प्रयोग पार पडला म्हणजे उद्दिष्ट साधलं असं धरलं, तर तारा शेजारच्या गटातल्या मुलीने जोडल्या आणि आपण नुसती वाचनं वहीत उतरवली, तरी गुण पूर्ण!

सुधारायला एक जुनी, पण अजून धारदार पद्धत आहे. रॉबर्ट मेगर या अमेरिकी लेखकाने 1962 साली एका छोट्या पुस्तकात ती मांडली. उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती नेमकं झालं की पुरे. चला, दुसरं उद्दिष्ट या साच्यात बसवू.

काय करेल? परिपथ जोडेल आणि वेटोळ्याचा रोध काढेल. परिस्थिती? सुटं साहित्य दिलेलं, जोडणीची आकृती दिलेली नाही, एकट्याने. नेमकेपणा? इथे बहुतेकजण अडखळतात आणि ‘80 टक्के अचूक’ लिहून मोकळे होतात. कशाचे 80 टक्के? परिपथ 80 टक्के बरोबर जोडता येत नाही. अॅमीटर चुकून समांतर जोडला तर एका क्षणात बरीच धारा त्यातून जाते आणि काटा टोकाला आपटतो. तिथे निकष एकच: अॅमीटर एकसर, व्होल्टमीटर वेटोळ्याला समांतर, दोन्हींची धन टोकं घटाच्या धन बाजूला, आणि हे सगळं कळ दाबण्याआधी.

निकष मीटरलाच विचारा

रोधाच्या उत्तराला किती सूट द्यायची, हे शिक्षकाने मनाने ठरवायची गरज नसते. उपकरणच सांगतं. समजा व्होल्टमीटरचं लघुतम माप 0.1 व्होल्ट आणि मिलिअॅमीटरचं 10 मिलिअँपिअर आहे. काटा दोन रेघांच्या मध्ये असला तर अर्ध्या घराइतकी चूक कुणाच्याही वाचनात होणार: 0.05 व्होल्ट आणि 5 मिलिअँपिअर.

एक घट लावला, वाचन आलं 1.4 व्होल्ट आणि 140 मिलिअँपिअर. रोध 10 ओहम. पण दोन्हीकडे अर्ध्या घराची चूक धरली तर उत्तर 9.3 पासून 10.7 पर्यंत कुठेही येऊ शकतं. तीन घट लावले, वाचन 4.2 व्होल्ट आणि 420 मिलिअँपिअर. रोध पुन्हा 10 ओहम, पण आता पट्टा 9.8 ते 10.2 इतका अरुंद झाला. काटा जितका पुढे, तितकी त्याच अर्ध्या घराची चूक लहान पडते.

म्हणजे एक घट लावून 9.4 ओहम उत्तर काढणारी मुलगी बरोबर आहे आणि तीन घट लावून 9.4 काढणारा मुलगा कुठेतरी चुकलाय. सरसकट टक्केवारी लावली असती तर दोघांनाही सारखेच गुण मिळाले असते. आता उद्दिष्ट असं होतं: ‘नायक्रोम वेटोळं, तीन घट, कळ, व्होल्टमीटर व मिलिअॅमीटर दिले असता, आकृती न पाहता विद्यार्थी स्वतः परिपथ जोडतो, किमान तीन वाचनं घेतो आणि प्रत्येक वाचनातून आलेला रोध मीटरच्या लघुतम मापातून येणाऱ्या मर्यादेत असतो.’ खण: कार्यपद्धतीचं उपयोजन. वाक्य लांब झालं हे कबूल. पण याच्यावरून प्रात्यक्षिक परीक्षेला कुणीही बाहेरचे सर आले तरी ते आपल्याइतकेच गुण देतील.

क्रियापदांची यादी भिंतीवर लावू नका

बाजारात क्रियापदांचे तक्ते मिळतात. स्मरणाला ‘सांगतो, यादी करतो’, विश्लेषणाला ‘तुलना करतो, फरक स्पष्ट करतो’, मूल्यमापनाला ‘समर्थन करतो’. तक्त्यातून क्रियापद उचललं की पातळी आपोआप वाढली, असा समज आहे. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यांत महागात पडणारी अंधश्रद्धा हीच.

पाहा. विजेरीचा बल्ब घ्या, ज्यावर 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर लिहिलेलं असतं. प्रश्नात अशी वाचनं द्या: 1 व्होल्टला 180 मिलिअँपिअर, 2 व्होल्टला 265, 2.5 व्होल्टला 300. विभवांतर दुप्पट झालं पण धारा दुप्पट झाली नाही. भागाकार केला तर रोध 5.6 वरून 7.5 आणि मग 8.3 ओहम होतो. आता विचारा: ‘एक विद्यार्थी म्हणतो मीटर बिघडलाय, दुसरा म्हणतो ओहमचा नियम खोटा ठरला. दोघांच्या म्हणण्याचं मूल्यमापन करा.’

अपेक्षित उत्तर असं. वाचनं नियमित रीतीने वाकतात, उड्या मारत नाहीत, म्हणून मीटरवर संशय घ्यायला जागा कमी. बल्बची टंगस्टनची तार तापते, तापलेल्या धातूचा रोध वाढतो. नियमात अवस्था कायम हवी अशी अट होती, ती इथे पाळलेली नाही. म्हणून नियम खोटा ठरला असं म्हणता येत नाही. हातात असलेली विधानं निकषावर घासून पाहिली, म्हणजे हे खरोखर मूल्यमापन आहे.

पण हाच बल्ब तुम्ही मंगळवारी वर्गात दाखवला, हीच वाक्यं फळ्यावर लिहून दिली आणि मुलांनी ती उतरवून घेतली, तर? शुक्रवारच्या चाचणीत ‘मूल्यमापन करा’ हे क्रियापद तसंच राहतं, पण मूल आता फक्त फळा आठवतंय. प्रश्न घसरून पहिल्या रकान्यात गेला. पातळी क्रियापदात नसते. प्रश्न आणि मुलाला आधी शिकवलेलं यांच्यामधल्या अंतरात असते.

याला इलाज सोपा आहे आणि तो मेगर यांच्या दुसऱ्या भागात, परिस्थितीत, दडलाय. उद्दिष्टातच लिहा: ‘वर्गात न हाताळलेल्या वाहकाची वाचनं दिली असता’. एवढे सात शब्द पातळी धरून ठेवतात. मात्र मग गाइड छापणाऱ्यांच्या हाती तो वाहक लागण्याआधी दरवर्षी नवा शोधायला हवा. एका वर्षी बल्ब, पुढच्या वर्षी पेन्सिलीतलं शिसं, त्यापुढे एलईडी.

गणित सोडवणं म्हणजे दोन वेगळी कामं

उपयोजनाच्या पोटात दोनच क्रिया आहेत म्हटलं, पण त्यांच्यातला फरक विज्ञान शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. पहिली: ओळखीच्या कामाला ठरलेली रीत लावणं. ‘V 6 व्होल्ट, I 0.5 अँपिअर, तर R काढा.’ दुसरी: अनोळखी कामात कोणती रीत लावायची ते आधी ठरवणं, मग लावणं. ‘तुमच्याकडे 6 व्होल्टची बॅटरी आणि 3 व्होल्ट, 0.3 अँपिअरचा बल्ब आहे. बल्ब न जळता पूर्ण प्रकाशावर पेटावा म्हणून काय जोडाल, आणि किती ओहमचं?’

उरलेले 3 व्होल्ट कुणीतरी झेलायला हवेत, एकसर जोडणीत धारा तीच 0.3 अँपिअर, म्हणून 10 ओहमचा रोधक. सूत्र तेच, भागाकारही तितकाच सोपा. पण पहिल्या गणितात पैकीच्या पैकी घेणारी अनेक मुलं इथे 6 ला 0.3 ने भागून 20 ओहम लिहितात. हे 20 उत्तर आलं की ओळखावं: सूत्र पाठ आहे, विभवांतर कुणाच्या टोकांमधलं ते कळलेलं नाही. संविधान तक्त्यात दोन्ही गणितं ‘उपयोजन’ म्हणून एकाच रकान्यात पडतात, म्हणून पेपर काढणाऱ्याला सोपं गणित घालून उपयोजनाचा कोटा भरता येतो. भरलाही जातो.

ओहम स्वतः कुठल्या खणात बसले असते?

गेऑर्ग ओहम हे कोलोन शहरातले शाळामास्तर. 1820 च्या दशकात ते तारांमधून जाणाऱ्या धारेवर प्रयोग करत होते, पण त्या काळचे विद्युतघट प्रयोग चालू असतानाच ढेपाळत. वाचनं सरकत राहत. पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने त्यांना सुचवलं की घटाऐवजी तापयुग्म वापरून पाहा: बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचा जोड, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. दोन्ही तापमानं स्थिर, म्हणून विभवांतर स्थिर. त्या स्थिर उगमावर नियम सापडला. 1827 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

आपल्या घटकात निर्मितीचा खण भरायचा असेल तर ही गोष्ट आयती आहे. आजच्या शाळेतले कोरडे घटही कळ दाबून ठेवली की उतरतात. म्हणून उद्दिष्ट असं लिहिता येतं: ‘प्रयोगादरम्यान घट उतरत असल्यास त्याचा वाचनांवर होणारा परिणाम कमी करणारी कार्यपद्धती विद्यार्थी लेखी आखतो, आराखड्यात काय बदलायचं, काय कायम ठेवायचं आणि परिणाम कमी झाला हे कसं ओळखायचं, हे तिन्ही असतं.’ इथे उत्तर एक नाही. कुणी वाचनापुरतीच कळ दाबेल, कुणी वाचनं चढत्या क्रमाने घेऊन पुन्हा उतरत्या क्रमाने घेईल आणि दोन्ही जुळतात का पाहील. निकष उत्तरावर नाही, आराखड्यातल्या तीन गोष्टींवर आहे. ‘निर्मितीचं मोजमाप करता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे करून पाहावं.

आणि तक्ते-चार्ट? थर्माकोलवर चिकटवलेला परिपथ बहुतेक वेळा निर्मितीच्या खणात टाकतात. पुस्तकातली आकृती पाहून केला असेल तर त्यात नवं काही जुळवलेलं नाही. हस्तकला उत्तम, खण चुकीचा.

चौथी ओळ, जिच्याकडे कुणी फिरकत नाही

स्वतःच्या विचाराची जाण ही ओळ 2001 मध्ये नव्याने आली, आणि बहुतेक टाचणांत ती कोरीच असते. कारण उघड आहे: गुण कसे द्यायचे? पण आपल्याच घटकात एक प्रामाणिक जागा सापडते. वर ज्या मुलाने 20 ओहम लिहिलं, त्याला पेपर परत देऊन विचारा: ‘तुझं उत्तर चुकलंय. कोणत्या पायरीला चुकलं आणि पुढच्या वेळी ती चूक होण्याआधी कशी पकडशील?’ तो म्हणाला, ‘घाईत झालं,’ तर काही हाती लागलं नाही. म्हणाला, ‘मी बॅटरीचं विभवांतर बल्बचं समजलो, आता आकृतीत प्रत्येक भागावर त्याचे व्होल्ट आधी लिहीन,’ तर त्याला स्वतःची चूक दिसली. मोजता येतं, पण गुणपत्रिकेत घालू नये असं माझं मत. गुण लावले की मुलं पुढच्या वेळी छान छान कबुल्या पाठ करून येतील.

चोवीसही खण भरायचे नसतात

तक्ता पाहिला की तो भरायचा मोह होतो. चोवीस खण, चोवीस उद्दिष्टं, आठ तासिका. असला हट्ट नव्या पुस्तकाने धरलेला नाही. उलट 2001 च्या मंडळींनी जुन्या शिडीचा ताठा कमी केला: रकाने एकमेकांवर थोडे चढतात हे त्यांनी मान्य केलं, आणि खालचं पूर्ण झाल्याशिवाय वर जायचंच नाही, ही सक्तीही सैल केली. ओहमच्या घटकाला पाच-सहा खण पुरे. त्यातही स्मरण हवंच. अॅमीटरचं चिन्ह आणि ओहम हे एकक ज्याला आठवत नाही, त्याच्यापुढे बल्बची वाचनं ठेवून काय उपयोग?

एक झटपट तपासणी

2001 च्या पुस्तकातली सगळ्यांत उपयोगी युक्ती कुठल्याही पिरॅमिडवर सापडत नाही. घटकाची उद्दिष्टं तक्त्यात मांडा. मग वर्गातल्या कृती त्याच तक्त्यात मांडा. शेवटी चाचणीतले प्रश्न मांडा. तिन्ही एकाच खणात आले तर ठीक. नमुना म्हणून पाहा: उद्दिष्ट कार्यपद्धतीच्या उपयोजनाचं, कृती शिक्षकांनी टेबलावर करून दाखवलेला प्रयोग, आणि प्रश्न ‘ओहमचा नियम लिहा’. तीन गोष्टी, तीन वेगळे खण. मुलं शेवटच्याच खणाचा अभ्यास करतात, कारण गुण तिथे आहेत.

येत्या घटक चाचणीचा पेपर छापायला देण्याआधी त्यावरची उद्दिष्टांची नावं झाकून तो स्टाफरूममधल्या दुसऱ्या विज्ञान शिक्षकांना द्या. वर्गात काय शिकवलंत तेवढं सांगा आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या खणात बसतो ते त्यांना लिहू द्या. ज्या प्रश्नावर तुमचा आणि त्यांचा खण जुळला नाही, तो पुन्हा लिहा.